टिकची खूण की रिकामा चौकोन? साध्या मजकुरातली यादी जुन्या फॉन्टमध्ये का फसते

सोलापुरात यादी एका भाषेत लिहिली जाते आणि तीन भाषांतली माणसं ती वाचतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेल कारखान्यात बघा. कारकून मराठीत लिहितो, पॅकिंगवरच्या कितीतरी जणांच्या घरची भाषा तेलुगू असते, आणि गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर कन्नड वाचणारा निघतो. अशा ठिकाणी टिकची खूण आणि बाण फार उपयोगी पडतात, कारण ते कुणालाच शिकवावे लागत नाहीत. ‘झालं’ हा शब्द न वाचता येणाऱ्यालाही ✓ कळतं.

म्हणूनच ती खूण चुकीची दिसली तर होणारं नुकसान एका चुकलेल्या अक्षरापेक्षा मोठं असतं. मी नवी पेठेत डीटीपीचं काम करतो. माझा मावसभाऊ एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघतो. त्याने मोबाइलवर एका मालाची यादी लिहिली होती:

```
☑ साइज मोजली
☑ वजन घेतलं
☑ शिलाई बघितली
☐ लेबल लावलं
☑ मेटल डिटेक्टर
☐ कार्टन बंद
गोदाम → गेट २
```

सहापैकी चार कामं झालेली, दोन बाकी. ही यादी गोदामातल्या जुन्या संगणकावर पोचली. तो विंडोज एक्सपीवर चालणारा, त्यात ऑफिस नाही, फक्त नोटपॅड. तिथे ती अशी दिसली:

```
□ साइज मोजली
□ वजन घेतलं
□ शिलाई बघितली
□ लेबल लावलं
□ मेटल डिटेक्टर
□ कार्टन बंद
गोदाम → गेट २
```

गोदामातल्या लोकांनी जे दिसलं ते वाचलं: एकही काम झालेलं नाही. त्यांनी भरलेली कार्टन उघडून टॉवेल पुन्हा मोजायला घेतले. रात्री मावसभावाचा फोन आला, “दादा, मी टिक केल्यात रे, माझ्या मोबाइलवर अजून दिसतायत. हे म्हणतात एकही नाही.” दोघांचंही खरं होतं.

अक्षर वेगळं, अक्षराचं चित्र वेगळं

संगणक अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवणारी जगभरची एक यादी आहे, तिचं नाव युनिकोड. त्यात ✓ चा क्रमांक `U+2713` आहे आणि उजवीकडच्या बाणाचा `U+2192`. मावसभावाच्या यादीतला टिक केलेला चौकोन `U+2611`, रिकामा चौकोन `U+2610`. संदेशातून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो तो हा क्रमांक. खुणेचं चित्र सोबत जात नाही.

चित्र येतं फॉन्टमधून, आणि फॉन्ट प्रत्येक यंत्रावर आपापला असतो. फॉन्ट म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांची पेटी समजा. मजकुरात लिहिलेलं असतं, ‘अमुक क्रमांकाचा खिळा लाव.’ पेटीत तो खिळा असेल तर छापला जातो. नसेल तर जागा मोकळी सोडता येत नाही, म्हणून तिथे एक ठरावीक ठोकळा बसवतात. बहुतेक फॉन्टमध्ये हा ठोकळा म्हणजे एक उभट रिकामी चौकट. फॉन्ट बनवणाऱ्यांच्या जगात तिला ‘टोफू’ म्हणतात.

मजकुरात कुठेही चौकट आली की आपण ओळखतो, काहीतरी बिघडलंय. कामाच्या यादीत मात्र रिकाम्या चौकोनाला आधीच एक अर्थ आहे: काम बाकी. त्यामुळे हरवलेली खूण इथे बिघाड वाटत नाही, ‘झालं नाही’ असा निरोप वाटते. हाच तोटा मला सगळ्यात गंभीर वाटतो. दुसऱ्या कुठल्याही लेखनात फॉन्टचा बिघाड स्वतःला असं लपवत नाही.

मराठी दिसते, बाण दिसतो, मग टिक का नाही?

हा प्रश्न मावसभावाने विचारला आणि तो रास्त होता. मराठी दिसली कारण एक्सपीत ‘मंगल’ नावाचा देवनागरी फॉन्ट येतो. नोटपॅडमध्ये निवडलेल्या `Courier New` मध्ये देवनागरी खिळे नसतात, तेव्हा विंडोज परस्पर मंगलमधून उसने घेतं. या उसनवारीला फॉन्टची बदली म्हणू.

बाण दिसला त्याचं कारण आणखी जुनं आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या मुख्य फॉन्टमध्ये किमान कोणती अक्षरं असावीत याची एक यादी ठरवली होती, साडेसहाशेच्या आसपास अक्षरांची. तिचं नाव `WGL4`. त्या यादीत ← ↑ → ↓ हे चारही बाण आहेत, ■ आणि □ आहेत, वर्गमुळाचं √ हे चिन्हही आहे. पण ✓ नाही, ✗ नाही, ☑ नाही. त्यामुळे `Arial`, `Times New Roman`, `Courier New` यांच्या जुन्या आवृत्त्यांत बाण हमखास सापडतो आणि टिक सापडत नाही.

हा भेद कायमचा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण फसवणूक इथूनच झाली. शेवटच्या ओळीतला बाण नीट उमटलेला बघून गोदामातल्या माणसाला वाटलं, खुणा बरोबर आल्या आहेत. एक खूण दिसली म्हणजे बाकीच्याही दिसतील असं मुळीच नसतं. प्रत्येक खिळा वेगळा.

टिकचं घराणं निराळं आहे. ✓ आणि ✗ युनिकोडमध्ये आले ते ‘झॅप्फ डिंगबॅट्स’ या चिन्हांच्या फॉन्टमधून. हर्मान झॅप्फ या जर्मन अक्षररचनाकाराने काढलेली ही चिन्हं १९७८ मध्ये बाजारात आली. छपाईतली सजावटीची चिन्हं म्हणून त्यांचा वेगळा फॉन्ट होता, त्यामुळे अक्षरांच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये त्यांना जागा द्यायची पद्धतच पडली नाही. विंडोज ७ बरोबर `Segoe UI Symbol` आला, त्यात ही चिन्हं होती, आणि तिथून पुढे बदलीच्या सोयीमुळे टिक सगळीकडे दिसू लागली. एक्सपीच्या त्या संगणकात उसनी घ्यायलाच कुणी शेजारी नव्हता.

चौकट, प्रश्नचिन्ह आणि विचित्र अक्षरं: तीन वेगळे आजार

ताप म्हटलं की औषध एकच नसतं, तसंच इथे. टिकच्या जागी काय दिसतं त्यावरून दोष कुठला हे सांगता येतं.

चौकट दिसली तर दोष फॉन्टचा. क्रमांक शाबूत आहे, फक्त चित्र नाही. दुसऱ्या यंत्रावर तोच मजकूर नीट दिसेल. म्हणजे काहीच हरवलेलं नाही.

प्रश्नचिन्ह दिसलं तर मात्र क्रमांकच गेला. हे बहुतेक वेळा साठवताना होतं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपर्यंत नोटपॅड आपणहून `ANSI` या जुन्या पद्धतीने फाइल साठवत असे. त्या पद्धतीत जेमतेम अडीचशे अक्षरांना जागा असते. बाकीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं `?` लिहिलं जातं आणि फाइल बंद केल्यावर मूळ अक्षर परत आणता येत नाही. नोटपॅड त्याआधी इशारा देतं, पण तो इशारा न वाचता ‘ओके’ दाबणारे मी रोज बघतो. मराठी यादी असेल तर सगळाच मजकूर प्रश्नचिन्हांचा होतो आणि निदान लगेच कळतं तरी. यादी इंग्रजीत असेल तर शब्द जसेच्या तसे राहतात आणि फक्त टिक गळतात. तिथे ☑ आणि ☐ दोघांचं `?` होतं, आणि कोणतं काम झालं होतं हे त्या फाइलमधून परत कुणालाच सांगता येत नाही. उपाय एकच: साठवताना `Encoding` च्या खणात `UTF-8` निवडायचं.

तिसरा आजार दिसायला भयानक, पण बरा होणारा. टिकच्या जागी `âœ“` आणि बाणाच्या जागी `â†’` असं काहीतरी येतं. `UTF-8` पद्धतीत ✓ हे तीन तुकड्यांत साठवतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पद्धत कळली नाही की तो प्रत्येक तुकडा स्वतंत्र अक्षर समजतो, म्हणून एका खुणेची तीन अक्षरं होतात. एक्सेलमध्ये `CSV` फाइल थेट डबल-क्लिक करून उघडली की हे हमखास घडतं. फाइल धडधाकट असते, वाचण्याची रीत चुकलेली असते. एक्सेलमधून साठवताना `CSV UTF-8` हा प्रकार निवडला तर पुढच्या वेळी त्रास होत नाही.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये वाढलेल्यांना हे का ओळखीचं वाटेल

कृतिदेव किंवा श्रीलिपी वापरलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही: त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरच असतं, आपल्याला ते मराठी दिसतं एवढंच. कृतिदेवमध्ये `d` दाबलं की क उमटतो. फॉन्ट बदलला की क जाऊन `d` उरतो.

टिकचंही एक असंच जुनं सोंग आहे, विंगडिंग्ज नावाचा चिन्हांचा फॉन्ट. त्यात टिकची खूण `ü` या अक्षराच्या जागी बसवलेली आहे, फुली `û` च्या जागी आणि उजवा बाण `à` च्या जागी. वर्डमध्ये `-->` टाइप केलं की सुंदर बाण होतो, तो बहुधा हाच. तो मजकूर साध्या संदेशात चिकटवला की फॉन्टचं नाव गळून पडतं आणि मूळ अक्षर उघडं होतं. ‘गोदाम à गेट’ असं लिहून आलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याचं कारण हे. साध्या मजकुरात फॉन्टचं नाव सोबत जातच नाही, म्हणून विंगडिंग्जची टिक साध्या मजकुरासाठी पूर्णपणे बाद.

याच्या उलट पेजमेकर, हा छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम. त्याला युनिकोड कळत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली खरी ✓ तिथे चिकटवली तर टिकत नाही. त्या कामाला विंगडिंग्ज किंवा झॅप्फ डिंगबॅट्सच हवा. झॅप्फ डिंगबॅट्समध्ये `3` ही कळ दाबली की ✓ उमटते. कागदावर छापून जाणाऱ्या मजकुराला हे चालतं, कारण कागदावर फॉन्ट बदलायला कुणी येत नाही.

तपासायचं कसं

आपल्या पडद्यावर खूण दिसते यावरून काहीच सिद्ध होत नाही. बदलीची सोय आपल्या नकळत काम करत असते. वर्डमध्ये याचा छडा लावायला सोपा मार्ग आहे. `2713` टाइप करून लगेच `Alt+X` दाबा, आकड्याची ✓ होईल. आता ती खूण निवडा आणि वर फॉन्टच्या खणात कोणतं नाव आलं ते बघा. बाकी मजकूर `Arial` मध्ये असताना तिथे `Segoe UI Symbol` दिसलं, तर तुमच्या फॉन्टमध्ये टिक नाही, ती उसनी आहे. हीच `Alt+X` खुणेच्या मागे कर्सर ठेवून दाबली तर खुणेचा क्रमांक उघडा होतो. एखादी चौकट खरा रिकामा चौकोन आहे की हरवलेली टिक, हे इथे कळतं: `2610` आलं तर काम बाकी, `2611` आलं तर झालेलं.

वर्ड नसलेल्या जुन्या विंडोजवर `charmap` चालवा. वर फॉन्ट निवडायचा, खाली `Advanced view` वर टिक करायची आणि `Go to Unicode` मध्ये `2713` लिहायचं. लिनक्सवर एका ओळीत उत्तर मिळतं. ही आज्ञा टिक असलेल्या सगळ्या फॉन्टची नावं काढून देते:

```
fc-list ':charset=2713' family
```

एखादी फॉन्टची फाइल हातात असेल आणि पायथनमध्ये `fontTools` बसवलेलं असेल तर पेटीतले खिळे थेट मोजता येतात:

```
from fontTools.ttLib import TTFont
m = TTFont("font.ttf").getBestCmap()
for c in "✓✗☐☑→√":
    print(c, ord(c) in m)
```

`True` म्हणजे खिळा आहे, `False` म्हणजे उसना घ्यावा लागेल.

पण मावसभावासारख्याला यातलं काहीच करायची गरज नाही. त्याचा प्रश्न ‘समोरच्या संगणकावर काय दिसतं’ एवढाच आहे. त्यासाठी मी त्याला ही ओळ पाठवायला सांगितली:

```
चाचणी: ✓ ✗ ☐ ☑ → √ OK
```

आणि एक अट घातली: गोदामातल्या माणसाने पडद्याचा फोटो काढून पाठवायचा. ओळ कॉपी करून परत पाठवली तर क्रमांक शाबूत परत येतील, मोबाइलवर सगळं झकास दिसेल आणि आपण पुन्हा फसू. फोटोत खरं काय दिसतं ते येतं. त्याला आलेल्या फोटोत बाण, √ आणि `OK` नीट होते. बाकी चारही चौकटी.

मग √ वापरलं तर?

बरेच जण वापरतात. `Alt` धरून आकड्यांच्या पॅडवर `251` दाबलं की √ येतं, आणि जुन्या फॉन्टमध्ये दिसतंही. कागदी नमुन्यात मी त्याला हरकत घेणार नाही. पण हे वर्गमुळाचं चिन्ह आहे. दृष्टिहीन वापरकर्त्याचा स्क्रीन रीडर ते टिक म्हणून वाचणार नाही. मजकुरात ✓ शोधायला गेलं तर √ सापडणार नाही, आणि दोन माणसांनी दोन खुणा वापरल्या की झालेली कामं मोजताना अर्धी गळतील.

ठळक ✔ किंवा हिरवी ✅ जास्त उठून दिसते ना?

दिसते, मोबाइलवर. ✅ युनिकोडमध्ये आली २०१० मध्ये, म्हणजे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ती असण्याचा प्रश्नच नाही. ✔ जुनी आहे, पण काही यंत्रं तिला रंगीत इमोजी करून दाखवतात. मग ओळीची उंची बदलते आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत राखाडी डाग उरतो. ➡ चंही तसंच. साधी ✓ आणि साधा → यांना इमोजीचं रूप नाही, म्हणून त्या सगळीकडे सारख्या राहतात.

प्रोग्रॅमर लोक `[x]` लिहितात, ते का नको?

कीबोर्डवरची अक्षरं आहेत, कुठल्याही फॉन्टमध्ये दिसतील, हे खरं. पण आपण शाळेत उत्तरपत्रिकेवर फुली बघून वाढलो. फुली म्हणजे चूक. टॉवेलच्या यादीत `[x] शिलाई` वाचून पॅकिंगवरची बाई शिलाई खराब आहे असंच समजेल, आणि तिचं समजणं बरोबर आहे. खूण वाचणाऱ्याची असते, म्हणून `[x]` मी इथे बाद केलं. ‘झालं’ हा शब्द तीन भाषांमुळे बाद. उरलं ते `OK`. ते आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड वाचणारे सगळेच ओळखतात, आणि अंगठेबहाद्दर हमालालाही ते दोन आकार पाठ असतात.

खूण बुडाली तरी अर्थ तरावा

ज्या यंत्रांवर टिक दिसते तिथे ती का सोडायची? सोडू नका, पण यादी अशी बांधा की टिक हरवली तरी झालेलं आणि बाकी यांत फरक उरेल. मावसभावाच्या यादीत ☑ आणि ☐ दोन्ही खुणा फॉन्टच्या भरवशावर होत्या. दोन्ही बुडाल्या आणि एकसारख्या दिसल्या. ✓ आणि ✗ ची जोडीही तितकीच धोक्याची, तिथे तर पास आणि नापास एक होतात. म्हणून जोडीतली एकच खूण विशेष असावी, दुसरी कीबोर्डवरची:

```
[✓] शिलाई बघितली
[ ] लेबल लावलं
```

जुन्या संगणकावर पहिल्या ओळीत `[□]` दिसेल, `ANSI` मध्ये साठवली तर `[?]`, आणि चुकीच्या पद्धतीने उघडली तर कंसात तीन विचित्र अक्षरं. तिन्ही वेळा कंसात काहीतरी आहे. बाकी असलेल्या कामाचा कंस तिन्ही वेळा मोकळा आहे. खूण न ओळखताही यादी वाचता येते.

यात एक उणीव राहते. ✓ उसन्या फॉन्टमधून आली की तिची रुंदी वेगळी असते, त्यामुळे एकाखाली एक लावलेले शब्द थोडे सरकतात. स्तंभ काटेकोर हवे असतील तर तिथे `OK` लिहून मोकळं व्हावं.

पीडीएफ पाठवून हा सगळा प्रश्न मिटतो असंही काही जण सांगतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून देता येतो, त्यामुळे पूर्ण झालेल्या यादीसाठी ते उत्तमच. पण डिस्पॅचची यादी दिवसभर बदलते. गोदामात लेबल लागलं की तिथल्या माणसाला ती ओळ पुरी करायची असते, आणि ते नोटपॅडमध्ये एका मिनिटात होतं.

गोदामातल्या त्या संगणकासाठी मावसभावाची यादी आता अशी जाते. बाण चाचणीत उत्तीर्ण झाला होता, म्हणून तो तसाच ठेवला:

```
[OK] साइज मोजली
[OK] वजन घेतलं
[OK] शिलाई बघितली
[  ] लेबल लावलं
[OK] मेटल डिटेक्टर
[  ] कार्टन बंद
गोदाम → गेट २
```

रिकाम्या कंसात दोन जागा सोडल्या आहेत, `OK` च्या दोन अक्षरांएवढ्या, म्हणजे `Courier New` मध्ये शब्द एका रेषेत राहतात.